पाटी देवनागरीत आहे, पण भाषा कोणती? (बाबांच्या यात्रेचे फोटो लावायचेत)

गोदाकाठ (नांदेड)

मंडळी, जरा मदत पाहिजे. आमचे बाबा गल्लीतल्या मंडळींबरोबर बसनं यात्रेला गेलते. काशी, अयोध्या, गोरखपूर, सोनौलीवरून नेपाळ, येताना जनकपूर, दरभंगा आणि मग घर. फोटो सगळे व्हॉट्सॲपवरून आलेत. त्यामुळं कोणता कुठं काढला ही नोंद फोटोत राहिलेलीच नाही, आणि क्रमाचं तर विचारूच नका. आता गावाप्रमाणं अल्बम करून द्यायचाय.

घाट, देवळं ओळखू येतात. अडलंय ते हॉटेलं, रस्ते, कमानी यांच्यापाशी. बाबांना विचारलं की "तिथला चहा बरा होता" एवढंच सांगतात. पण बऱ्याच फोटोंत मागं पाटी आहे, आणि सगळ्या पाट्या देवनागरीत. भाषा कळली तर निदान देश तरी कळेल असं वाटतंय. दिसतंय तसं टाइप करतो:

अ) यहाँ खाना तथा खाजाको राम्रो व्यवस्था छ ।
आ) सडक डिभिजन कार्यालय
इ) …मे अपनेक हार्दिक स्वागत अछि (कमान, डावी बाजू कापलेली)
ई) मारवाड़ री दाळ-बाटी (हॉटेल)
उ) कृषि उत्पन्न बाजार समिती (ही पण कमान)

(उ) बद्दल बाबा ठाम आहेत की ती तिकडची, यूपीतली. मला शंका आहे.

परळी_पॅसेंजर

हे तर सोपं आहे राव. दोन अक्षरं बघायची. ळ दिसला की मराठी, ड खाली टिंब दिसलं की हिंदी. आमच्या स्टेशनच्या पाटीवर बघा, वर परळी वैजनाथ आणि खाली परली वैजनाथ. तुमच्याकडंही नांदेड आणि नांदेड़. गंगाखेड, मुदखेड, मनमाड, सगळीकडं तेच. रेल्वेनं फुकटात शिकवलंय आपल्याला.

त्या हिशोबानं (अ) हिंदी, कारण 'यहाँ' आहे. (आ) मराठी, ड खाली टिंब नाही. बस मनमाडच्या पुढं कुठंतरी थांबली असेल. (ई) मधे ळ, म्हणजे मराठी. (उ) मधे 'कृषि' ऱ्हस्व, म्हणजे हिंदी. बाबा बरोबर आहेत. (इ) बिहारी काहीतरी.

शॉपीवाला_सेलू

बरं झालं हा विषय निघाला. माझ्या दुकानावर फ्लेक्सवाल्यानं 'मोबाइल' लिहून दिलंय. एक गिऱ्हाईक म्हणालं मराठीत 'मोबाईल' पाहिजे, हे हिंदी झालं. २०२२ ला तो मराठी पाट्यांचा नियम छोट्या दुकानांनापण लागू झाला ना? मग मला दंड पडतो का? फ्लेक्स बदलायचा तर पैसे परत कोण देणार?

गोदाकाठ (नांदेड)

@शॉपीवाला_सेलू भाऊ, धागा दंडाचा नाही, माझ्या बाबांच्या फोटोंचा आहे 😀 पण थांबा, कोणीतरी सांगेल.

@परळी_पॅसेंजर स्टेशनचं पटलं. पण 'डिभिजन' असं मराठीत कोण लिहितं?

खिळेजुळारी (लातूर)

धागा बघून राहवलं नाही. आधी लातुरात छापखान्यात होतो, नंतर काही वर्षं गोरखपूरला पाट्यांच्या कारखान्यात. तिथं सीमेपलीकडच्या ऑर्डरी यायच्या. त्यामुळं ही गंमत रोजची होती.

परळी_पॅसेंजर यांचे दोन्ही नियम आपल्या स्टेशनवर चालतात. कारण तिथं सामना फक्त मराठी आणि हिंदी यांच्यात असतो. बस सोनौलीच्या पुढं गेली की ते तुटतात, आणि (आ) मधे नेमकं तेच झालंय.

टिंब असलं तर मराठी नाही, हे खरं. पण टिंब नाही म्हणून मराठी, हे खरं नाही. नेपाळीतही ड खाली टिंब देत नाहीत. हिंदीत सड़क आणि पहाड़, नेपाळीत सडक आणि पहाड. काठमाडौं हे नाव नेपाळी पाटीवर बघा, ड अगदी आपल्यासारखा कोरा. म्हणजे 'सडक' या शब्दानं हिंदी बाद झाली, पण मराठी आणि नेपाळी दोघी शिल्लक राहिल्या.

आता पुढचा शब्द. इंग्रजी व्ही हे अक्षर तिघी तीन तऱ्हेनं लिहितात. आपण व्ह लिहितो: व्हिडिओ, व्हॅन, डिव्हिजन. हिंदीवाले नुसता व लिहितात: वीडियो, वैन, डिवीजन. नेपाळीत भ येतो: भिडियो, भ्यान, डिभिजन, टेलिभिजन. दुकानाच्या पाटीवर इंग्रजी शब्द भरपूर असतात, त्यामुळं ही खूण जितकी कामाला येते तितका ळ सुद्धा येत नाही. 'सडक डिभिजन कार्यालय' हे नेपाळच्या रस्ते खात्याचं कार्यालय. तिकडं खात्यालाच सडक विभाग म्हणतात. हा फोटो नेपाळमधला, यात मला शंका नाही.

परळी_पॅसेंजर

भ ची गोष्ट भारी आहे. पण मग (अ) पण नेपाळी म्हणणार का तुम्ही? 'यहाँ खाना' वाचा हो. शुद्ध हिंदी. शेवटी उभा दंड आहे. चंद्रबिंदू आहे.

हातोडा

चंद्रबिंदू असलं की मराठी नाही, एवढं नक्की. पुढचं तुम्ही भांडा.

सीमा_उदगीर

@हातोडा दादा, बाहेर जाऊन कोणत्याही बँकेची पाटी वाचून या. 'बँक' वर काय आहे मग?

खिळेजुळारी (लातूर)

सीमाताईंनी बरोबर पकडलं. दिसायला खूण एकच, काम वेगळं. मराठीत ती फक्त परक्या शब्दात येते: बँक, बँड, सँडविच, हँडलूम. आपला अर्धचंद्र आणि अनुस्वार एकमेकांवर बसले की ती खूण तयार होते. हिंदीत आणि नेपाळीत ती घरच्या शब्दांवर असते आणि खूपदा काना किंवा उ जवळ: यहाँ, गाँव, गाउँ. आणि तोच 'बँक' हिंदीत 'बैंक' होतो. एकाच इमारतीवर दोन्ही लिहिलेले असतात, फरक तिथंच बघून घ्या.

'यहाँ' आणि 'खाना' हे शब्द हिंदी-नेपाळी दोघींचे आहेत. दंडही दोघींचा. म्हणजे पाटीचा पहिला अर्धा भाग काहीच सांगत नाही. उत्तर शेवटाकडं आहे: 'खाजाको' आणि 'छ'.

तांड्याची_लेक (किनवट)

छ वरून बोलते जरा. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीतपण छ आहे की. "तारो नाम कांई छ?" असं आम्ही विचारतो. आणि आमचं लिहिणंही देवनागरीतच. आमच्या तांड्यावरच्या एका फलकाचा फोटो मागं कुणीतरी एका ग्रुपवर टाकला, तर खाली दहा जणांनी "हे नेपाळी आहे का" विचारलं. माहूर-किनवटच्या रानात नेपाळी कुठून येणार! तेव्हा छ दिसला की नेपाळी, हा नियम नका करू कृपा करून.

खिळेजुळारी (लातूर)

एकदम बरोबर बोललात. छ चं कुटुंब मोठं आहे. कुमाऊनी आणि गढवालीत छ आहे, जयपूरकडच्या बोलीत छै आहे, मैथिलीत अछि आणि छै आहे, शेजारी गुजरातीत छे. नुसत्या छ वर भाषा ठरवली तर तुमचा तांडा थेट काठमांडूला जाईल.

म्हणून मी छ च्या आधीचा शब्द बघतो. 'खाजाको' यात 'को' शब्दाला चिकटून आहे. हिंदीत का, की, के नामापासून सुटं लिहितात: 'खाने की व्यवस्था', मधे जागा. नेपाळी आपल्यासारखी चिकटवते: खाजाको, नेपालमा, यात्रुहरूलाई. फरक इतकाच की आपण चिकटवताना मूळ शब्द वाकवतो, घोडा-घोड्याचा, आणि नेपाळीत शब्द बहुधा तसाच राहतो, वर प्रत्यय ठेवला की झालं. गोरबोलीत त्या जागी रो, री येईल, नाही का ताई? मारो, तारो तसं.

मग 'राम्रो'. चांगलं या अर्थानं नेपाळीत पावलोपावली येतो, आणि तो शेवटचा ओ बघा. एवढं सगळं एका ओळीत आल्यावर छ ला वेगळी साक्ष द्यायची गरज राहत नाही. वर हॉटेलच्या नावाचा जो कापलेला भाग आहे त्यात 'लज' किंवा 'एण्ड' दिसतंय का बघा.

गोदाकाठ (नांदेड)

झूम केलं. '…टल एण्ड लज' आहे! मला वाटलं लॉजचा अर्धचंद्र पडला असेल पाऊसपाण्यानं.

खिळेजुळारी (लातूर)

पडलेला नाही, नेपाळीत तो लिहीतच नाहीत. आपण आणि हिंदीवाले लॉज, कॉलेज, डॉक्टर लिहितो. तिकडं लज, कलेज, डाक्टर. आणि 'अँड' किंवा 'एंड' न लिहिता 'एण्ड', अनुस्वाराऐवजी अर्धा ण. (अ) नेपाळच.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. चिकटवलेलं की सुटं, यावर विसंबताना पाटी कशी बनली तेही बघा. जागा पुरली नाही की रंगारी हिंदीतला 'का' सुद्धा शब्दाला चिकटवतो. शिवाय हिंदीत सर्वनामाला तो चिकटतोच: आपका, उसका. तेव्हा 'आपका स्वागत' वाचून नेपाळी म्हणू नका.

तांड्याची_लेक (किनवट)

हो, रो-री-र असंच. पण आमच्यात प्रत्येक जण आपापल्या कानानं लिहितो. कुणी 'छ' लिहितं, कुणी 'छं', कुणी शब्द चिकटवतं, कुणी सोडवून लिहितं. शाळा मराठीत झाली त्यामुळं ळ आणि ण अगदी मराठी वळणाचे. आमच्या फलकावर "तांडो" असं लिहिलंय. मराठी वाचणाऱ्यानं ते चुकलेलं 'तांडा' समजून दुरुस्त करायला सांगितलं होतं.

हातोडा

अक्षराचं वळण बघा ना मग. मराठी ल आणि हिंदी ल वेगळा, श पण वेगळा. शाळेत पाटीवर गिरवलाय आपण. प्रत्यय-बित्यय कशाला?

खिळेजुळारी (लातूर)

हाताने रंगवलेल्या जुन्या पाटीवर हे चालतं, आणि चांगलं चालतं. पेंटरचा हात ज्या शाळेत वळला त्या शाळेचा ल येतो. पण फ्लेक्सवर ल पेंटरचा नसतो, फॉन्टचा असतो. आपल्याकडच्या कितीतरी मराठी फ्लेक्सवर हिंदी वळणाचा ल आणि श दिसतो, कारण संगणकात पहिला फॉन्ट तोच सापडला. आज रस्त्यावर रंगवलेल्या पाट्या किती उरल्यात ते तुम्हीच मोजा.

यातच शॉपीवाल्यांचं उत्तरही आलं. 'मोबाइल' हे हिंदी लेखन आणि 'मोबाईल' हे मराठीत रूढ. तसंच डेयरी-डेअरी, होटल-हॉटेल, बिरयानी-बिर्याणी. फ्लेक्सवाल्याकडं तयार डिझाइन हिंदी पट्ट्यातून येतं, तो फक्त तुमचं नाव आणि फोन नंबर बदलतो. म्हणून असा एकटा शब्द पाटी कोणी टाइप केली एवढंच सांगतो. तुमच्या पाटीवर खाली 'दुरुस्त करून मिळेल' असं लिहिलं असेल तर पाटी मराठीच. कायद्याचं बोलणं मराठी भाषा, देवनागरी लिपी आणि अक्षरांचा आकार यांच्याबद्दल आहे, एका इकाराबद्दल नाही.

शॉपीवाला_सेलू

'रिपेअरिंग करून मिळेल' लिहिलंय. मग राहू देतो. मिळेल मधे ळ आहे 😀

परळी_पॅसेंजर

ळ वरून आठवलं, (ई) राहिलंच. 'दाळ' मधे ळ आहे. आता ते तरी मराठी म्हणा.

सीमा_उदगीर

मराठीत डाळ असते हो, दाळ नाही. निदान पाटीवर तरी. (आमच्या घरी आजी दाळच म्हणायची, ते सोडा.)

खिळेजुळारी (लातूर)

आजीवर नको जायला, मराठवाड्यात अर्धा गाव दाळ म्हणतो. पण पाटीत ळ च्या जोडीला 'मारवाड़' आहे, ड खाली टिंब. मराठीत ळ आहे, हे टिंब नाही. हिंदीत टिंब आहे, ळ नाही. दोन्ही एकाच ओळीत सुखानं बसले तर नजर राजस्थानकडं किंवा हरियाणाकडं वळवायची. मधला 'री' पक्कं करतो. 'मारवाड़ की' झालं असतं तर हिंदी, 'मारवाडची' झालं असतं तर आपली. 'री' म्हणजे मारवाडी.

कोकणीतही ळ आहे, ते वेगळं. तिची ओळख शेवटच्या ओकारावरून आणि टिंबांवरून पटते: घोडो, आमचें गोंय. पण बस तिकडं गेलीच नव्हती, म्हणून त्यात शिरत नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या की जुन्या देवळाच्या दगडावर 'येथें जोडे काढावेत' दिसलं तर ती कोकणी नाही. आपल्याकडंही १९६२ च्या नियमांआधी असे न उच्चारलेले अनुस्वार लिहायचेच.

गोदाकाठ (नांदेड)

म्हणजे (ई) राजस्थानातला? पण बस राजस्थानला गेलीच नाही!

सीमा_उदगीर

पाटी मारवाडी आहे, हॉटेल कुठं आहे ते त्यानं कुठं कळतं? मारवाडी हॉटेल जालन्यात असेल, काशीत असेल, काठमांडूत असेल. मालकाला गाव आठवलं आणि त्यानं आपल्या बोलीत नाव दिलं.

फोटोत आणखी कुठं काही लिहिलंय का? नावाच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. बारीक अक्षरं बघा: वेळ, सूचना, 'उधार मागू नये' असलं काहीतरी. नाव मालकाच्या हौसेचं असतं. सूचना मात्र गिऱ्हाइकाला कळेल अशा भाषेत लिहावीच लागते.

गोदाकाठ (नांदेड)

ताई, मानलं तुम्हाला. गल्ल्यामागं भिंतीवर लिहिलंय: "आमची कोठेही शाखा नाही."

परळी_पॅसेंजर

😂😂 संपला विषय. महाराष्ट्र.

सीमा_उदगीर

उत्तरेत असतं तर 'हमारी कोई शाखा नहीं है' असतं. बस जाताना नाहीतर येताना महाराष्ट्रातच जेवायला थांबली होती. बाबांना विचारा, पहिल्या दिवशी की शेवटच्या. कपडे किती मळलेत त्यावरूनही कळेल.

गोदाकाठ (नांदेड)

टोपी पांढरी आहे. पहिला दिवस 😀

आता (उ). बाबा शेजारी बसलेत आणि यूपी सोडायला तयार नाहीत. त्यांचा मुद्दा परळी_पॅसेंजर यांचाच: 'कृषि' ऱ्हस्व आहे.

परळी_पॅसेंजर

हो मग! परभणीच्या विद्यापीठाच्या नावात बघा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. कृषी दीर्घ. मराठीत शेवटचा इकार दीर्घ, शाळेतला नियम.

खिळेजुळारी (लातूर)

नियम बरोबर आहे, पण तो एकाच शब्दाला लावून पुढं निघालात. चौथा शब्द वाचा: 'समिती', दीर्घ. हिंदीत तो 'समिति' असतो, दोन्ही इकार ऱ्हस्व. एकाच पाटीत कृषि ऱ्हस्व आणि समिती दीर्घ, मग भांडण कसं सोडवायचं?

कृषि कोणत्या जागी आहे ते बघायचं. तो पाटीचा पहिला शब्द आहे, पुढच्याला जोडल्यासारखा. मराठीत असा संस्कृत शब्द समासात आधी आला की मूळचा ऱ्हस्व टिकतो. आपण कृषिमंत्री लिहितो, कविसंमेलन लिहितो. पाटी लिहिणारे तोच ऱ्हस्व इकार ठेवतात आणि शब्द मात्र तोडून लिहितात. त्यामुळं बाजार समित्यांच्या कमानींवर 'कृषि' आणि 'कृषी' दोन्ही सापडतात. समिती मात्र ओळीच्या शेवटी आहे. तिला असा आडोसा नाही. ती जशी लिहिली आहे तशी पाटीची भाषा. समासात पुढं आलेल्या शब्दावर ऱ्हस्व-दीर्घाची परीक्षा घ्यायची नाही, शेवटच्या शब्दावर घ्यायची.

आणि इकार बाजूला ठेवला तरी शब्द बोलतात. यूपीत या ठिकाणाला कृषि उत्पादन मंडी समिति म्हणतात, मध्य प्रदेशात कृषि उपज मंडी समिति. 'उत्पन्न बाजार' ही जोडी आपली आहे.

गोदाकाठ (नांदेड)

वाचून दाखवलं. बाबा म्हणतात, "मंडी म्हणत होते खरं तिकडं लोक." म्हणजे अर्धे मानले. कमान कुठल्या गावची ते काही सांगता येत नाही ना?

खिळेजुळारी (लातूर)

गावाचं नाव कापलेलं असेल तर नाही. आणि समजा नाव दिसलं, तरी नुसत्या नावावरून भाषा ठरत नाही. परळी, नांदेड ही सोयीची नावं आहेत. जालना, लातूर, हिंगोली, उदगीर, सेलू ही मराठीत आणि हिंदीत अक्षराला अक्षर सारखी. अशी एकटी पाटी कुणी दिली तर मी हात जोडतो.

हातोडा

आणि इंग्रजी नावं देवनागरीत लिहितात ती? 'द रॉयल फॅशन हब', 'न्यू स्टाईल कॉर्नर'. आमच्या रस्त्याला निम्म्या पाट्या अशा आहेत. त्या कोणत्या भाषेत म्हणायच्या?

सीमा_उदगीर

मराठी. 'फॅशन' मधला अर्धचंद्र बघा, हिंदीत 'फैशन' झालं असतं.

हातोडा

म्हणजे एक मात्रा बदलली की इंग्रजीची मराठी होते? मला नाही पटत. लिहिणारा मराठी आहे एवढंच म्हणा.

सीमा_उदगीर

फोटो कुठला हे शोधायला तेवढं पुरतं. भाषेच्या अभिमानाचा वेगळा धागा काढा, तिथं मी तुमच्या बाजूनं भांडेन.

बरं, (इ) कडं कुणी बघतंय का? आम्ही यांच्या नोकरीमुळं काही वर्षं पाटण्यात होतो, म्हणून सांगते. "अपनेक स्वागत अछि" हे मैथिली आहे. भोजपुरीत अछि येत नाही. 'अपनेक' मधला शेवटचा क म्हणजे आपला चा-ची-चे, शब्दाला चिकटलेला. आणि सुरुवातीला जे कापलेलं '…मे' आहे त्यावर टिंब नाही, ते बघितलं का? हिंदीत 'में' सुटा आणि टिंबासह येतो. मैथिलीत 'मे' टिंबाशिवाय आणि बहुधा चिकटून. म्हणजे '…मे' च्या आधी गावाचं नाव असणार, दरभंगामे किंवा जनकपुरमे.

परळी_पॅसेंजर

म्हणजे बिहार. मी म्हणालोच होतो.

सीमा_उदगीर

तिथंच तर अडतंय. मैथिली सीमेच्या दोन्हीकडं आहे. दरभंगा, मधुबनी भारतात, जनकपूर नेपाळमधे. भाषा कळली, देश नाही कळला.

खिळेजुळारी (लातूर)

कमानीवर साल आहे का? नेपाळमधे विक्रम संवत चालतो, आपल्या सनाच्या छप्पन्न-सत्तावन्न वर्षं पुढं. २०७४ असं काही दिसलं तर ते २०१७-१८, म्हणजे नेपाळ. आणि अंक देवनागरी आहेत का इंग्रजी? हिंदी पट्ट्यातल्या पाट्यांवर हल्ली बहुधा इंग्रजी अंक, नेपाळमधे देवनागरी जास्त.

गोदाकाठ (नांदेड)

खालच्या कोपऱ्यात '२०' एवढंच आहे. देवनागरी अंक. पुढचं आमच्या शेजारच्या काकांच्या खांद्याआड गेलंय.

परळी_पॅसेंजर

देवनागरी अंक म्हणजे नेपाळ मग.

सीमा_उदगीर

नाही हो. मैथिलीची कमान उभारणारी मंडळी हौशी असतात, दरभंग्यातही अंक देवनागरीत काढतात. २० पुढं १ आला तर भारत, ७ किंवा ८ आला तर नेपाळ. मधे काका उभे.

खिळेजुळारी (लातूर)

मीही यावर शिक्का मारणार नाही. कमानीवर 'नगरपालिका' असं काही असेल तर तेही बघा. जनकपूरला 'उपमहानगरपालिका' लिहितात, दरभंग्याला 'नगर निगम'. नाहीतर दुसऱ्या कुणाच्या फोनमधे त्याच कमानीचा फोटो असेल. पन्नास माणसांची बस, सगळ्यांनी तिथंच उतरून फोटो काढला असणार. आणि मूळ फोन मिळाला तर फोटो व्हॉट्सॲपवरून मागवू नका, केबलनं घ्या. म्हणजे जागेची नोंद झालेली असेल तर तीही येईल आणि ही सगळी कसरत वाचेल.

तांड्याची_लेक (किनवट)

एक विचारायचं राहिलं. आमच्या तांड्याच्या कमानीचं काम निघालंय. ओळ गोरबोलीत टाकायची ठरली. 'छ' सुटा लिहायचा की आधीच्या शब्दाला जोडायचा, यावरून बैठकीत दोन तट पडलेत. म्हातारे म्हणतात बोलताना जोडून येतो, मग जोडा. शिकलेली पोरं म्हणतात 'आहे' कसं सुटं लिहितो तसं लिहा.

खिळेजुळारी (लातूर)

मी सुटा लिहीन, लांबून वाचायला सोपा जातो. पण बोली तुमची आहे, मी पाटीवाला. काढण्याआधी दोन्ही तऱ्हेनं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तांड्यातल्या दोन-चार जणांना वाचायला लावा.

हातोडा

आणि फ्लेक्स नको, पेंटरकडून काढून घ्या.

गोदाकाठ (नांदेड)

काकांच्या घरी जाऊन आलो. फोन त्यांच्या पोराकडं आहे आणि पोरगा पुण्याला. त्याला फोटो ईमेलवर मूळ फाइल म्हणून पाठवायला सांगितलंय. तोवर (इ) चा फोटो जनकपूर आणि दरभंगा यांच्या मधल्या पानावर लावतोय. बाबांना चालतंय. त्यांचं आता (ई) वर अडलंय: दाळ-बाटी पहिल्या दिवशी खाल्लीच नव्हती म्हणतात.

सीमा_उदगीर

मग टोपी धुतली असेल मधे कुठंतरी. शरयूच्या घाटावरचे फोटो बघा.